ढांगांनी शेत मोजून बियाणं काढताय? या चुका टाळा

मी तेव्हा सातवीत होतो. सोयाबीनचं घरचं बियाणं किती ठेवायचं, म्हणून अप्पा मला घेऊन वरच्या वावरात आले. ते लांबीला निघाले, मला वरच्या बांधाने रुंदीला पाठवलं. दोघांच्याही ढांगा भरल्या 132. अप्पांची ढांग अडीच फुटांची, म्हणून दोन्ही बाजू 330 फूट धरल्या. गुणाकार 1,08,900 चौरस फूट. गुंठा 1,089 चौरस फुटांचा, म्हणजे शंभर गुंठे, अडीच एकर! एकरी 30 किलोने 75 किलो बियाणं झालं.

अप्पा बांधावर थांबले आणि म्हणाले, "बाळ्या, हे वावर चौकोनी दिसतंय का रं तुला?"

दिसत नव्हतं. लांबट होतं. हिशेब आणि डोळा जुळत नसला, की आधी ढांग तपासायची. अप्पांनी 100 फूट दोरी पसरली. त्यांना 40 ढांगा लागल्या, मला 50. माझी ढांग दोनच फुटांची, म्हणजे वरची रुंदी 264 फूट. ही तपासणी त्याच जमिनीवर करावी, घरासमोरच्या रस्त्यावर नाही. नांगरटीत ढेकळांवरून चालताना ढांग आखडते आणि शेत आहे त्यापेक्षा मोठं भरतं.

दुसरी चूक मात्र अप्पांची होती. वावर खाली निमुळतं होत गेलेलं, आणि आम्ही मोजली फक्त वरची बाजू. खालच्या बांधाला माझ्या 99 ढांगा भरल्या, म्हणजे 198 फूट. दोन्ही रुंदींची सरासरी 231. त्याला 330 ने गुणलं की 76,230 चौरस फूट, बरोबर 70 गुंठे. पावणेदोन एकर! सातबाऱ्यावर 71 आर होते. आर आणि गुंठा जवळपास सारखेच असल्याने ताळा लगेच बसला. (सातबारा आधीच का नाही पाहिला, हे मी विचारलं नाही. एकाच गटात दोन-तीन तुकडे असले, की तो एकेका तुकड्याचं सांगत नाही, हे खरं.) वावराच्या मध्येच वाकण असेल, तर तिथेही एक रुंदी मोजावी.

पावणेदोन एकराला साडेबावन्न किलो. पण एकरी 30 किलो हा आकडा 70 टक्के उगवण धरून आहे, आणि ही गोष्ट बरेच जण विसरतात. आईने पोत्यातले सरसकट शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. चांगले चांगले निवडून घेतले, तर आकडा फसवा येतो. गोणपाट सुकू दिलं नाही, पण पाणी साचूही दिलं नाही. आठवड्याने उलगडलं, तर 60 दाण्यांना धड कोंब होते. मग 30 गुणिले 70 भागिले 60, म्हणजे एकरी 35 किलो.

त्या वर्षी आम्ही 61 किलो बाजूला काढलं. राहिलेलं अप्पांनी मोंढ्यावर घातलं.