किनाऱ्यावर हाऊसकीपिंगला येताय? जाहिरातीत एवढं लिहिलेलं असू द्या

लातूर, बीड, नांदेडकडची मुलं-मुली मालवण-तारकर्लीला रिसॉर्टच्या कामाला येतात, त्यांचे फोन दिवाळीआधी सुरू होतात. मीही तिकडचीच. आता इथे हाऊसकीपिंग सुपरवायझर आहे आणि नवीन माणसं मीच घेते. "पंधरा हजार, राहणं-जेवण फ्री" एवढ्याच ओळीवर बॅग भरू नका. मी जाहिरात लिहिते ती अशी:

"हाऊसकीपिंग अटेंडंट हवेत, स्त्री-पुरुष. एका माणसाकडे रोज 8 खोल्या; त्यात चेकआऊटच्या जास्तीत जास्त 5. व्हरांडा आणि पायऱ्या झाडणं त्यातच आलं. कपडे धुण्याला वेगळा माणूस आहे. शिफ्ट सकाळी 8 ते 5, मध्ये एक तास जेवण. सुट्टी आठवड्यातून एक, पण शनिवार-रविवारी नाही. एकूण पगार 15,000. त्यात बेसिक 12,000. जेवणाचे पैसे कापत नाही. एका खोलीत चौघे, स्त्रियांची खोली वेगळी, आतून कडी. जून ते सप्टेंबर काम कमी असतं. तेव्हा निम्म्या माणसांना घरी जावं लागतं, त्या काळाचा पगार नाही."

शेवटचं वाक्य वाचून बरेच जण माघार घेतात. घेऊ देत. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, बोटिंग बंद, खोल्या रिकाम्या. हे जूनमध्ये कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं, कारण घरी पाठवायच्या पैशाचा हिशोब बारा महिन्यांचा धरायचा की आठ, हे त्यावरच ठरतं.

आता खोल्यांचा आकडा. शहरातल्या हॉटेलात लिफ्ट असते, ट्रॉली दारापर्यंत जाते. इथे कॉटेज सुटी सुटी, वाट वाळूची नाहीतर जांभ्याची. चादरींचा गठ्ठा आणि बादली हातानेच न्यायची. मुक्कामी पाहुण्याची खोली वीस-पंचवीस मिनिटांत होते, चेकआऊटच्या खोलीला पाऊण तास धरा. आत गेल्यावर आधी खिडक्या उघडायच्या, टॉयलेटला क्लीनर लावून ठेवायचा आणि चादरी काढून बाहेर झटकायच्या. वाळू तशीच मशीनमध्ये गेली तर मशीन खराब होतं. बाथरूमच्या जाळीत अडकली तर पाणी तुंबतं. आरशावर आणि काचेवर खारट थर बसतो. तो आधी ओल्या फडक्याने काढायचा, मग कोरड्याने पुसायचं. नाहीतर ओरखडे राहतात. आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र ओतू नका, विषारी वायू तयार होतो. हातमोजे मालकाने द्यायचे असतात, मागून घ्या.

खरी कसोटी रविवारी. दहाला चेकआऊट, बाराला नवीन पाहुणे. पाच खोल्या चेकआऊटच्या असतील तर पाऊण तासाप्रमाणे पावणेचार तास लागतात, आणि हातात दोनच. म्हणून त्या दिवशी आम्ही जोडीने काम करतो आणि सुपरवायझरही चादर लावते. मुलाखतीत थेट विचारा, "रविवारी एका माणसाकडे किती चेकआऊट?" उत्तर "बघू, ॲडजस्ट करू" असं आलं, तर माणसं कमी आहेत असं समजा.

शिफ्टबद्दलही तसंच नेमकं विचारा. काही ठिकाणी ब्रेक शिफ्ट असते: सकाळी आठ ते एक, मग संध्याकाळी पाच ते नऊ. तास नऊच, पण दिवस तेरा तासांचा होतो. दुपारी राहायची जागा जवळ नसेल तर तो वेळ फुकट जातो.

पगार हातात किती येतो ते आमच्याच आकड्यांवर बघा. पीएफ बेसिकच्या 12 टक्के, म्हणजे 1,440. ईएसआय लागू असेल तर एकूण पगाराच्या 0.75 टक्के, 113 रुपये. पुरुषांना व्यवसाय कर 200. स्त्रियांना या पगारावर तो नाही. म्हणजे मुलीच्या हातात 13,447, मुलाच्या हातात 13,247. कुणी वर मेसचे दोन हजार कापत असेल, तर मुलाला 11,247 च उरतात. तेव्हा "जेवण फ्री" म्हणजे कापत नाही ना, हे स्पष्ट विचारा. जेवण भात-आमटी-मासळीचं असतं. भाकरी रोज मिळेल असं धरू नका.

राहायची खोली व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा, फोटो नको. छप्पर पत्र्याचं असेल तर मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही. भिंतीच्या खालच्या भागावर काळे डाग दिसले तर ओल आहे. गादी जमिनीवर टाकली की बुरशी धरते, म्हणून कॉट हवीच. बाथरूम किती जणांत एक, आणि एप्रिल-मेमध्ये विहीर आटली की टँकर येतो का, हेही विचारा. मुलींनी कडी आतून आहे का आणि रात्री शेवटच्या शिफ्टनंतर खोलीपर्यंत दिवा आहे का, हे बघितल्याशिवाय हो म्हणू नये.

हे सगळं ठरलं की व्हॉट्सॲपवर लिहून मागा आणि तो मेसेज जपून ठेवा. येताना आधार कार्डाची झेरॉक्स द्या. मूळ कार्ड मात्र ऑफिसात ठेवून देऊ नका, कितीही आग्रह केला तरी.