चाकरमानी येण्याआधी उवांचा बंदोबस्त

गणपतीला घर भरतं आणि माजघरात सगळी पोरं एकाच गोधडीवर डोक्याला डोकं लावून झोपतात. म्हणून आमच्या तिसरीतल्या लेकीच्या डोक्यात ऊ दिसली तेव्हा चतुर्थी अठरा दिवसांवर होती, हे बरंच झालं. दोन दिवस आधी औषध लावून काही साधत नाही.

कारण लिखा. औषधाने उवा मरतात, लिखा सगळ्या मरत नाहीत, आणि राहिलेल्या सात ते दहा दिवसांत फुटतात. त्यातून निघालेलं पिल्लू मोठं होऊन पुन्हा लिखा घालायच्या आत दुसरा हात मारायचा. रविवारी पहिलं औषध लावलं, तर दुसरं नऊ दिवसांनी, म्हणजे पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी. कॅलेंडरवर दोन्ही दिवशी खूण करा. दुसरा दिवस हमखास विसरतो.

औषधाच्या दुकानात १ टक्का परमेथ्रिनचं लोशन मागा आणि टक्का स्वतः वाचा. ५ टक्क्यांचं मलम खरजेचं असतं. केस साध्या शाम्पूने धुवा, कंडिशनर लावू नका, टॉवेलने टिपा आणि ओलसर केसांना लोशन लावा. कानामागे आणि मानेवर विसरू नका, लिखा तिथेच दाट असतात. दहा मिनिटांनी धुवा. आजी रॉकेल सुचवेल. नम्रपणे पण ठाम नाही म्हणा. त्याने कातडी भाजते आणि चुलीजवळ जीवावर बेतू शकतं.

दाट दातांची धातूची फणी हवीच. खोबरेल तेल चोपडून दर तीन दिवसांनी, बट बट वेगळी करून मुळापासून टोकापर्यंत ओढायची आणि प्रत्येक ओढीनंतर पांढऱ्या फडक्यावर पुसायची. तेलाने उवा मरतात असं नाही, पण धीम्या होतात आणि फणी सरकते. कोंडा बोटाने निघतो, लिख केसाला चिकटून बसते. मुळापासून बोटभर लांब असलेली लिख बहुतेक रिकामं टरफल असते, तिची धास्ती नको.

औषध लावल्याच्या दुसऱ्या दिवशीही उवा पहिल्यासारख्याच चपळ धावत असतील, तर औषध लागू पडलेलं नाही. तेच पुन्हा ओतू नका, डॉक्टरांना विचारा.

त्याच रविवारी घरातल्या सगळ्यांची डोकी फणीने बघा. जिवंत ऊ सापडेल त्यालाच औषध. आमच्याकडे धाकट्याकडे आणि माझ्याकडे निघाल्या, सासूबाईंकडे एकही नाही. त्या आठ दिवस हेच सांगत होत्या.

पावसात गोधड्या धुवायच्या कुठे आणि वाळवायच्या कुठे? डोक्याबाहेर ऊ दोन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. त्या तीन दिवस पिशवीत बांधून ठेवल्या तरी पुरे. उशीचे अभ्रे, रिबिनी आणि टॉवेल मात्र बंबातल्या कढत पाण्यात घाला. फणी, कंगवेही त्यातच दहा मिनिटं बुडवा.

शाळेत दोन घट्ट वेण्या, आणि बाईंना चिठ्ठी. शेजारी बसणारीचं डोकं तसंच राहिलं तर आपला मंगळवार फुकट.