घरघरणारा हीटिंग पंप: नवा आणण्याआधी काय तपासावं

इंग्लंडमध्ये रेडिंगला आम्ही सत्तरच्या दशकातलं जुनं घर घेतलं. पहिल्याच ऑक्टोबरात हीटिंग सुरू केलं, तर जिन्याशेजारच्या कपाटातून रात्रभर घरघर ऐकू यायला लागली. कपाटात गरम पाण्याचा सिलिंडर होता आणि त्याच्या बाजूला मुठीएवढा पंप. बॉयलरमध्ये तापलेलं पाणी रेडिएटरांमधून फिरवून परत आणणं एवढंच त्याचं काम. पंप गेला असं गृहीत धरून मी नवा मागवणारच होतो. पण आमच्या ओळखीचे साताऱ्याकडचे एक काका तीस वर्षं हेच काम करत आहेत. ते म्हणाले, "थांब. पंप ओरडतोय ते खरं, पण कशामुळे ओरडतोय ते आधी माळ्यावर चढून बघ."

पुढे जे उलगडलं तेच इथे लिहितो. हवा, वेग आणि बेअरिंग ही तीन कारणं सुटी मांडली जातात. आमच्या घरात मात्र एकातून दुसरं आणि दुसऱ्यातून तिसरं निघालं होतं.

आधी आवाज ओळखा

लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घ्या. हीटिंग चालू असताना त्याचं टोक पंपाच्या धातूच्या भागावर टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. वायरच्या डबीपासून टोक लांब ठेवा.

पाणी खळखळल्यासारखा, मधूनच वाढणारा आणि मधूनच थांबणारा आवाज आला तर आत हवा आहे. जात्यात खडा सापडावा तशी सलग, खरखरीत घरघर बेअरिंगची असते. पंपाजवळ फारसं काही ऐकू येत नाही, पण रेडिएटरच्या व्हॉल्व्हपाशी शिट्टीसारखा सूं आवाज येतो, तेव्हा पाणी गरजेपेक्षा जोरात ढकललं जातंय. पंप नुसता गुणगुणतो आणि पाणी हलतच नाही, तर तो अडकलाय किंवा जुन्या पंपातला कपॅसिटर गेलाय.

आमच्याकडे पहिले दोन्ही आवाज एकात एक मिसळले होते.

हवा पंपाला का मारते

या पंपाचा फिरणारा भाग पाण्यातच बुडालेला असतो. बेअरिंगला तेल किंवा ग्रीस नसतं, वंगणाचं काम तेच पाणी करतं. गावाकडे विहिरीतली पाणबुडी मोटर कोरडी चालली की जळते, तसंच इथे. "पंपाने एअर पकडली" असं आपण म्हणतो तेव्हा फक्त पाणी चढत नाही एवढंच नसतं, बेअरिंग सुकं घासत असतं.

म्हणून सुरुवात हवेपासून करा. हीटिंग बंद करा आणि पाणी कोमट होऊ द्या. मग खालच्या मजल्यापासून वरच्या मजल्याकडे एकेका रेडिएटरची हवा सोडा: वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी टोकाला चावी लावून अर्धा फेरा, खाली फडकं, आणि फुसफुस थांबून पाणी आलं की बंद. जवळ मेणबत्ती किंवा लायटर नको. आतून लोखंड गंजत असेल तर त्या 'हवेत' पेट घेणारा हायड्रोजनही असतो.

बंद प्रकारची व्यवस्था असेल तर बॉयलरजवळचा दाबमापक बघा. गार असताना काटा साधारण १ ते १.५ बारवर हवा. खाली असेल तर भरण्याच्या नळीने पाणी घाला आणि नंतर ती नळी नक्की बंद करा. आमच्यासारखी माळ्यावर छोटी टाकी असलेली उघडी व्यवस्था असेल तर टाकीत पाणी आहे का, तरंगता बॉल अडकलाय का, ते बघा.

आता पंप. आधी वीज बंद. थर्मोस्टॅट खाली करणं पुरेसं नाही, कारण काही बॉयलर थांबल्यावरही पंपाला थोडा वेळ वीज देत राहतात. भिंतीवरचा हीटिंगचा स्विच बंद करून त्यातला फ्यूज काढून खिशात ठेवा, म्हणजे घरातलं दुसरं कोणी चालू करणार नाही. जुन्या पंपाच्या तोंडावर मधोमध खाच असलेला मोठा स्क्रू असतो. फडकं धरून तो हळूहळू सैल करा. आधी हवा, मग थेंब येतात. धार लागली की घट्ट करा. वायरच्या डबीवर पाणी जाऊ देऊ नका. नव्या इलेक्ट्रॉनिक पंपांना बहुधा हा स्क्रू नसतो. त्यांना हवा काढण्याची वेगळी सेटिंग असते, किंवा काही मिनिटं सर्वांत जास्त वेगावर चालवावं लागतं.

मी हे सगळं केलं आणि घर शांत झालं, पण चारच दिवस. पाचव्या दिवशी पुन्हा खळखळ. हवा एकदा काढून परत येत नसेल तर प्रश्न संपला. दर आठवड्याला येत असेल तर ती कुठून तरी आत ओढली जातेय.

वेग, आणि माळ्यावरचा पेला

जुन्या पंपावर १, २, ३ असं बटण असतं. आमचं ३ वर होतं. आधीच्या कोणीतरी वरच्या टोकाच्या खोलीतला रेडिएटर गार राहतो म्हणून ते चढवलं असावं. हा नेहमीचा गैरसमज आहे. एक रेडिएटर गार आणि बाकीचे कडक असतील, तर बाकीच्यांच्या परतीच्या बाजूचे व्हॉल्व्ह थोडे आवळून पाणी वाटून द्यायचं असतं. वेग वाढवला तर जवळच्याच रेडिएटरांना आणखी जास्त पाणी मिळतं.

उघड्या व्यवस्थेत जास्त वेगाचा दुसरा तोटा असतो. माळ्यावरच्या टाकीवर एक वाकडी नळी मोकळी सोडलेली असते. पाणी अति तापलं तर वाफेला वाट असावी म्हणून ती असते. पंप फार जोरात चालला की काही घरांत या नळीतून गरम पाणी टाकीत पडत राहतं, तर काही घरांत पंप याच नळीतून हवा आत ओढतो. टाकीतलं पाणी कोमट लागलं किंवा माळ्यावर वाफ दिसली तर पहिला प्रकार. दुसरा ओळखायला काकांनी पेल्याची युक्ती सांगितली.

पाण्याने भरलेला पेला नळीच्या तोंडाखाली असा धरा की तोंड पाण्यात बुडेल. खाली बायकोने पंप चालू केला आणि माझ्या डोळ्यांदेखत पेल्यातलं पाणी नळीने शोषून घेतलं. दर वेळी पंप सुरू झाला की तेवढी हवा आत जात होती. बटण १ वर आणून पुन्हा पेला धरला, तर पाणी फक्त थरथरलं.

वेग कमी करूनही शोषण थांबलं नसतं, तर टाकीतून येणारी नळी मुख्य पाइपाला मिळते तो जोड गाळाने तुंबलाय असा संशय घ्यायचा. तिथे तांब्याच्या पाइपाला बाहेरून चुंबक लावून बघा. तांब्याला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंडाचा काळा गाळ बसलाय. तो पाइप कापून नवा बसवावा लागतो, ते जाणकाराचं काम.

वेग किती खाली आणायचा हे अंदाजाने ठरवू नका. बॉयलरमधून निघणाऱ्या आणि परत येणाऱ्या पाइपावर दोन थर्मामीटर बांधा, वरून फडकं गुंडाळा आणि सगळे रेडिएटर उघडे ठेवून अर्धा तास थांबा. आमच्याकडे ३ वर जाताना ६५ आणि येताना ५७ अंश होते, म्हणजे फक्त ८ अंशांचा फरक. पाणी उष्णता सोडण्याआधीच धावत परत येत होतं. १ वर ६५ आणि ५१ झाले, फरक १४. जुन्या पद्धतीचा बॉयलर साधारण ११ अंशांसाठी आखलेला असतो, धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णताही वापरणारा कंडेन्सिंग बॉयलर २० पर्यंत चालतो. फरक आपल्या बॉयलरच्या आकड्याच्या बराच पुढे गेला, बॉयलर सारखा बंद पडू लागला किंवा किटलीसारखा वाजू लागला, तर वेग फार खाली गेलाय. एक पायरी वर या.

उरलेली घरघर

खळखळ कायमची गेली. पण जात्याचा आवाज राहिला, म्हणजे बेअरिंग झिजलं होतं. खात्रीसाठी वीज बंद करून, पाणी गार झाल्यावर, पंपाच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केले, मधला स्क्रू काढला आणि आतल्या दांड्याच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून फिरवला. चांगला पंप सहज फिरतो. आमचा अडखळत, खरखरत फिरला. उन्हाळाभर बंद राहून नुसता अडकलेला पंप असाच फिरवून सुटतो, तेव्हा लगेच फेकू नका. झिजलेलं बेअरिंग मात्र सुटं बदलता येत नाही, पंपच बदलायचा.

काकांनी तेव्हाच आणखी एक चूक दाखवली. पंपाची मोटर छताकडे तोंड करून उभी होती. अशा पंपाचा दांडा नेहमी आडवा असायला हवा. उभा असला की हवा वरच्या बेअरिंगपाशीच साचते आणि तेच कोरडं राहतं. आमच्या पंपात तीच हवा रोज नव्याने येत होती.

बदलताना जुन्या पंपाच्या दोन तोंडांमधलं अंतर मोजा. इथल्या घरांत बहुधा १३० मिलिमीटर असतं. बाजूचे व्हॉल्व्ह जोर लावून आवळू नका. वर्षानुवर्षं न हललेले ते बंद होत नाहीत किंवा गळू लागतात, आणि तसं असेल तर आधी सगळं पाणी काढावं लागतं. खाली तसराळं ठेवा, दोन्ही मोठे नट सोडा. नव्याला नवे वॉशर लावा, अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेने ठेवा, दांडा आडवा ठेवा. वायर जोडण्याची सवय नसेल तर तेवढ्यासाठी इलेक्ट्रिशियन बोलवा. खालचा व्हॉल्व्ह आधी उघडा, पंप भरू द्या, मग वरचा उघडा, हवा काढा आणि त्यानंतरच वीज द्या. भरला नसताना 'चालतो का बघू' म्हणून क्षणभरही चालवू नका.

तसराळ्यात पडलेलं पाणी बघा. आमचं शाईसारखं काळं होतं. तो लोखंडी गाळ तसाच ठेवला तर नव्या पंपातल्या चुंबकाला चिकटतो आणि नवं बेअरिंगही खातो. आम्ही सगळं पाणी बदलून गंजरोधक रसायन टाकलं.

पंप बॉयलरच्या पेटीच्या आत असेल तर यातलं फक्त रेडिएटरची हवा आणि दाब एवढंच आपलं. ब्रिटनमध्ये गॅस बॉयलरची पेटी उघडायला गॅस सेफ नोंदणी असलेलाच माणूस लागतो.

नवा पंप १ च्याच ताकदीवर लावलाय. पहिला महिनाभर मी दर रविवारी वरच्या खोलीतल्या रेडिएटरची चावी फिरवून बघत होतो. पहिल्या फिरवण्यातच पाणी यायचं.