टेन्शन दारूमुळे वाढतंय का? स्वतःचं स्वतः कसं तपासायचं

"टेन्शन आहे म्हणून घेतो" असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. दोन पेग पोटात गेले की छातीतलं दडपण खरंच उतरतं, डोकं शांत होतं, आणि म्हणूनच दारू हेच औषध आहे असं वाटायला लागतं. पण तीच दारू दुसऱ्या दिवशीचं टेन्शन तयार करत असते, आणि ते सहसा लक्षात येत नाही कारण दोन्हीमध्ये एक अख्खी रात्र गेलेली असते.

आत काय होतं ते आधी बघू. मेंदूत शांत करणारं एक रसायन असतं, गाबा, आणि सावध ठेवणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबते, म्हणजे ब्रेक लागतो. रोज ब्रेक लागायला लागला की मेंदू गाडी चालू ठेवण्यासाठी अॅक्सिलरेटर जास्त दाबून धरतो, आणि रात्री दारू उतरली की ब्रेक सुटतो पण अॅक्सिलरेटर तसाच दाबलेला राहतो. मग धडधड, घाम, हात थरथरणं, काहीतरी वाईट होणार असं उगाच वाटत राहणं. महिने-वर्षं गेली की तेवढ्याच शांततेसाठी पेग जास्त लागतात आणि सकाळची धडधडही वाढत जाते.

पायरी 1: पेग नाही, दारू मोजा

30 मिलीच्या एका स्मॉल पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. क्वार्टर म्हणजे 180 मिली, म्हणजे सहा स्मॉल, 60 ग्रॅम. "मी फक्त बिअर पितो" म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचा, 8 टक्केवाल्या स्ट्राँग बिअरची 650 मिलीची एक बाटली म्हणजे जवळपास चार स्मॉल पेग. लिव्हर तासाला साधारण एक स्मॉल किंवा त्याहून थोडं कमीच निपटवतं, लिंबूपाणी प्या नाहीतर कडक कॉफी, तो वेग वाढत नाही.

पायरी 2: दोन आठवडे वहीत लिहा, पण सकाळचंही लिहा

यात पिणं बदलायचं नाही, फक्त नोंद करायची. रोज चार गोष्टी: किती घेतली आणि किती ते किती वाजता, रात्री जाग कधी आली, सकाळी उठल्यावर टेन्शन 10 पैकी किती, आणि संध्याकाळी पहिल्या पेगच्या आधी किती. मोबाईलवर लिहिलं तरी चालेल, पण सकाळचा आकडा सकाळीच टाका, रात्री आठवून लिहिलात तर तो हमखास कमी येतो.

समजा ठाण्याचा एक चाळिशीचा माणूस आहे, रोज लोकलने ऑफिस, रात्री नऊला बसतो आणि अकरापर्यंत क्वार्टर संपवतो. 60 ग्रॅम निपटायला सहा ते आठ तास, म्हणजे पहाटे तीन ते पाचच्या मध्ये अंगातली दारू संपते. त्याच्या वहीत जाग येण्याची वेळ जवळजवळ रोज चारच्या आसपास दिसेल. तो म्हणेल ऑफिसच्या काळजीने झोप उडते, पण काळजी बरोबर चारलाच का येते? दारूने गाढ झोप लागते ती पहिल्या अर्ध्या रात्रीत, नंतरच्या अर्ध्यात झोप तुटक होते, स्वप्नं अंगावर येतात. सकाळी टेन्शन 7, संध्याकाळी 8, पहिल्या दोन पेगनंतर 4, आणि दुसऱ्या सकाळी परत 7.

उदासीची गोष्ट जरा हळू घडते. तुटकी झोप, रोज थकलेलं अंग, आणि मेंदूची आनंद देणारी यंत्रणा दारूच्या मोठ्या डोसची सवय झाल्याने साध्या गोष्टींना दाद देत नाही, मुलांबरोबर बसणं, मॅच, आवडीचं जेवण, कशातच मजा वाटत नाही. त्यात संध्याकाळ पिण्यात गेलेली असते, घरात भांडणं झालेली असतात, आणि त्याचा अपराधीपणा वेगळा.

पायरी 3: बंद करण्याआधी हे बघाच

ही पायरी कृपा करून गाळू नका. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केलं तर जिवाला धोका होऊ शकतो. सकाळी हात थरथरतात, सकाळी घोट घेतल्याशिवाय बरं वाटत नाही, किंवा आधी कधी दारू सोडताना फिट आली होती, भास झाले होते, असं काही असेल तर स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, आधी मानसोपचार तज्ज्ञ किंवा फिजिशियन. ठाण्याच्या आपल्या माणसाने, रोजची क्वार्टर म्हणजे, डॉक्टरांना विचारूनच थांबायचं. ते गरज पडली तर थोड्या दिवसांच्या गोळ्या आणि बी-1 व्हिटॅमिन देतात. त्रास शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो. फिट आली, माणूस बरळायला लागला, नसलेलं दिसायला लागलं तर थेट हॉस्पिटल, 108 लावा.

आणि कोणीतरी दिलेल्या झोपेच्या गोळ्या दारूच्या जागी किंवा दारूबरोबर घेऊ नका. दोन्ही मेंदूत त्याच गाबावर काम करतात आणि एकत्र घेतल्या तर श्वास मंदावू शकतो.

पायरी 4: चार आठवडे पूर्ण बंद, वही चालू

इथे बहुतेक जण फसतात. पहिले काही दिवस टेन्शन वाढतं, झोप येत नाही, चिडचिड होते, आणि माणूस म्हणतो "बघा, न पिता मी जास्त खराब आहे, मला दारू लागतेच." तो त्रास दारू उतरण्याचा असतो, पण त्याच रात्री एक पेग घेतला की लगेच बरं वाटतं आणि गैरसमज पक्का होतो. म्हणून पहिल्या आठवड्याच्या आकड्यांवरून काहीच ठरवायचं नाही. फक्त सोमवार ते शुक्रवार बंद ठेवून शनिवारी बसणाऱ्यांनाही उत्तर मिळत नाही, दर आठवड्याला परत तेच उतरणं सुरू होतं. तुलना करायची ती दारू चालू असतानाच्या दोन आठवड्यांची आणि शेवटच्या म्हणजे चौथ्या आठवड्याची.

पायरी 5: आकडे वाचा

सकाळचं टेन्शन 7 वरून 3 वर आलं, पहाटेची जाग थांबली, उदासी हलकी झाली, तर त्याला मोठं कारण दारूच होतं. दारूने आलेली उदासी बऱ्याच जणांत दोन ते चार आठवड्यांत बरीच ओसरते. झोप पूर्ण सुधारायला मात्र कधी कधी त्याहून जास्त वेळ लागतो.

चार आठवड्यांनंतरही मन तसंच असेल, किंवा दारू सुरू व्हायच्या आधीपासून, अगदी कॉलेजात असतानाही लोकांसमोर बोलायला भीती वाटायची, पॅनिक यायचं, तर तो वेगळा आजार असू शकतो आणि त्याला वेगळी ट्रीटमेंट लागते. डॉक्टरकडे ती वही घेऊन जा आणि पिण्याचा खरा आकडा सांगा. अर्धा आकडा सांगितला तर डिप्रेशनच्या गोळ्या चालू होतात, वर दारू चालूच राहते, आणि मग "गोळ्यांनी काही फरक पडला नाही" म्हणून गोळ्या बदलत बसावं लागतं.

मरून जावंसं वाटत असेल तर ही चार आठवड्यांची वाट बघायचीच नाही. प्यायलेलं असताना असे विचार कृतीपर्यंत फार पटकन जातात. घरातल्या कोणाला तरी आत्ता सांगा, एकटे राहू नका, आणि टेली मानसला 14416 वर फोन करा, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. दारू सोडण्यासाठी मदत हवी असेल तर 14446 हा सरकारी नंबर आहे, तो घरचे लोकसुद्धा लावू शकतात.