अडकलेलं पेमेंट: मध्यस्थी, लवाद की कोर्ट, त्याआधीची तयारी

समजा भोसरीतल्या एका वर्कशॉपने चाकणच्या छोट्या युनिटला ब्रॅकेट बनवून दिले, बिल ४,८०,००० चं, क्रेडिट ३० दिवसांचं, ड्यू डेट १० मे २०२४. समोरचा म्हणतो ६०,००० चा माल रिजेक्ट झालाय, आणि तेवढ्यावर अख्खं बिल अडवून बसलाय.

सगळ्यात आधी पीओ काढा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे लवादाचं कलम, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खासगी पंचाकडे न्यायची अट, असेल तर तुम्ही थेट कोर्टात गेलात तरी समोरचा पहिल्याच उत्तरात ते पुढे करू शकतो, आणि मग कोर्ट सहसा तुम्हाला लवादाकडेच पाठवतं. त्यात तीन लवाद लिहिलेले असले तर एवढ्याशा रकमेसाठी त्यांची फी परवडणारच नाही, एकच लवाद चालेल का ते लेखी विचारून ठेवा.

मग उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा कागद, बघा, त्यावरची तारीख ऑर्डरच्या आधीची हवी, नंतर काढलेल्यावर भरवसा ठेवू नका. ते नीट असेल आणि तुम्ही नुसते ट्रेडर नसाल तर छोट्या उद्योगांच्या थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी सुविधा परिषदेकडे जाता येतं, पीओत लवादाचं कलम असलं तरी. तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो, नाही जमला तर लवाद. माझ्या मते छोट्या सप्लायरसाठी हाच रस्ता भारी, कारण रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं, आणि निकालाला आव्हान द्यायचं तर समोरच्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

लवादाचं कलम आणि उद्यम, दोन्ही नसेल तर उरलं कमर्शियल कोर्ट. पण रक्कम ३ लाख किंवा जास्त असेल आणि तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज करावाच लागतो, नाहीतर दावा फेटाळला जातो. समोरचा आलाच नाही तर तसा रिपोर्ट मिळतो, तो जपून ठेवा, दाव्याला लागतो. आला तर ज्याला आकडा फायनल करता येतो त्यानेच बसायचं, अकाउंटंटला पाठवून काही होत नाही. सोबत सही-शिक्क्याची डिलिव्हरी चलनं, लेजर, जीएसटी रिटर्न न्या, आणि ६०,००० च्या रिजेक्शनची तक्रार लेखी कधी आली ते शोधा, कारण माल घेऊन चार महिने गप्प बसलेल्याचं म्हणणं फार टिकत नाही. वादाचे ६०,००० बाजूला काढून ४,२०,००० आधी मागा. समझोता लेखी होऊन दोघांच्या आणि मध्यस्थाच्या सह्या झाल्या की त्याला लवादाच्या निवाड्याइतकीच किंमत असते, पुन्हा दावा लावत बसावं लागत नाही.

व्हॉट्सॲपवरचं बोलणं कोर्टात द्यायचं तर त्याला सर्टिफिकेट जोडावं लागतं, म्हणून तो फोन विकू नका.

आणि मुदत तीन वर्षांची, म्हणजे इथे १० मे २०२७ पर्यंत. अर्ज केल्यावर मध्यस्थीत गेलेला वेळ त्यात धरत नाहीत, पण "पुढच्या महिन्यात देतो" ऐकण्यात गेलेला धरतात, तेव्हा त्याच्याकडून बाकी रकमेचं पत्र लेटरहेडवर सहीसकट मुदतीच्या आतच घ्या, मग त्या तारखेपासून नवी तीन वर्षं मिळतात.