कॅल्शियमच्या बाटलीत नेमके किती ग्रॅम कॅल्शियम असते? लेबल वाचून हिशोब कसा करावा

पलूस, वाळवा, तासगाव भागात ज्याच्या गोठ्यात दोन-चार एचएफ गाई आहेत, त्याला व्यालेली गाय बसणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. गाय तिसऱ्या-चौथ्या वेताची आणि दुधाला भारी असते. व्याल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत ती बसते ती उठत नाही, कान गार पडतात, मान एका कुशीकडे वळवून ठेवते. हा दुग्धज्वर. डॉक्टर येतात, शिरेतून कॅल्शियमची बाटली लावतात आणि बहुतेक वेळा गाय तासा-दोन तासांत उभी राहते.

प्रश्न येतो तो बाटलीच्या लेबलावर. एका बाटलीवर ‘कॅल्शियम बोरोग्लुकोनेट २५ टक्के डब्ल्यू/व्ही’ असे छापलेले असते, तर दुसरीवर ‘कॅल्शियम १.८६ टक्के डब्ल्यू/व्ही’. दोन्ही ४५० मिलीच्या. मेडिकलच्या काउंटरवर कुणीही विचारेल, “दादा, ही पंचवीस टक्क्यांची सोडून ती पावणेदोनची कशाला देताय? पातळ आहे का?” ती पातळ नाही. दोन्हींत कॅल्शियम जवळजवळ सारखेच आहे. ते कसे, हे घरच्या घरी कागदावर काढता येते, आणि हीच रीत माणसांच्या औषधांनाही चालते.

टक्का कशाचा, ते आधी पाहा

लेबलावर टक्क्याच्या पुढे डब्ल्यू/व्ही लिहिलेले असते. डब्ल्यू म्हणजे वजन आणि व्ही म्हणजे आकारमान. २५ टक्के डब्ल्यू/व्ही याचा अर्थ असा की तयार द्रावणाच्या दर १०० मिलीमध्ये तो पदार्थ २५ ग्रॅम आहे. काही कंपन्या टक्का न लिहिता ‘प्रत्येक १०० मिलीमध्ये अमुक ग्रॅम’ असे सरळ छापतात. अर्थ तोच. मलमावर डब्ल्यू/डब्ल्यू असते, म्हणजे १०० ग्रॅम मलमात किती ग्रॅम औषध. स्पिरिटसारख्या द्रवात व्ही/व्ही असते, तिथे दोन्हीकडे मिलीच. या लेखातला हिशोब फक्त डब्ल्यू/व्हीला लागू होतो, म्हणून ही दोन अक्षरे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इथे ‘तयार द्रावण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कारखान्यात २५ ग्रॅम पदार्थ घेऊन त्यावर १०० मिली पाणी ओतत नाहीत. पदार्थ थोड्या पाण्यात विरघळवतात आणि मग एकूण १०० मिली भरेपर्यंत पाणी घालतात. फरक किती पडतो? २५ ग्रॅम डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, १०० मिली पाण्यात टाकले तर विरघळल्यावर एकूण द्रावण साधारण ११५ मिली होते, कारण साखरही जागा व्यापते. मग त्याच्या १०० मिलीमध्ये २५ ग्रॅम राहत नाही, २२ ग्रॅमच्या आसपास राहते. बाटली काट्यावर ठेवून हिशोब करण्याचा मोह होतो, तोही याच कारणाने चुकतो. असे दाट द्रावण ४५० मिली असले तरी त्याचे वजन ४५० ग्रॅमपेक्षा बरेच जास्त भरते. टक्क्याला गुणायचे ते मिलीने, वजनाने नाही.

गुणाकार

बाटलीचे मिली घ्या, १०० ने भागा, आलेल्या आकड्याला टक्क्याने गुणा. उत्तर ग्रॅममध्ये येते.

```
४५० ÷ १०० = ४.५
४.५ × २५ = ११२.५ ग्रॅम
```

म्हणजे पहिल्या बाटलीत कॅल्शियम बोरोग्लुकोनेट ११२.५ ग्रॅम आहे. ‘२५ टक्क्यांची बाटली म्हणजे बाटलीत २५ ग्रॅम’ असे समजणारे पुष्कळ भेटतात. ते फक्त १०० मिलीच्या बाटलीला खरे आहे.

उत्तर बरोबर आहे का, ते उलट्या बाजूने तपासा. १ टक्का डब्ल्यू/व्ही म्हणजे एका मिलीमध्ये १० मिलिग्रॅम. म्हणून २५ टक्के म्हणजे मिलीला २५० मिलिग्रॅम. ४५० मिलीला २५० ने गुणले की १,१२,५०० मिलिग्रॅम, म्हणजेच ११२.५ ग्रॅम. दोन वाटांनी एकच आकडा आला तर दशांशचिन्ह सरकलेले नाही याची खात्री पटते. चुका बहुतेक तिथेच होतात. ०.९ चे ९ वाचले जाते आणि उत्तर दहापट फुगते.

हे ग्रॅम कशाचे?

खरी गुंतागुंत इथे आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ. गाईच्या रक्ताला हवे असते ते कॅल्शियम. कॅल्शियम बोरोग्लुकोनेट हा कॅल्शियमचा क्षार आहे. कॅल्शियम ग्लुकोनेट आणि बोरिक ॲसिड मिळून तो तयार होतो, कारण नुसते ग्लुकोनेट पाण्यात पुरेसे विरघळत नाही. या क्षाराच्या वजनात कॅल्शियमचा वाटा साधारण साडेसात ते साडेआठ टक्केच असतो, बाकी सगळे वजन त्याच्या सोबत्यांचे. म्हणजे ११२.५ ग्रॅम क्षारात शुद्ध कॅल्शियम साधारण साडेआठ ते साडेनऊ ग्रॅम निघते.

आता दुसरी बाटली. तिच्यावर कॅल्शियमचाच टक्का दिला आहे, १.८६.

```
४.५ × १.८६ = ८.३७ ग्रॅम कॅल्शियम
```

एकीकडे साडेआठ-नऊ ग्रॅम आणि दुसरीकडे ८.३७. तेरापट फरक वाटत होता, तो उरलाच नाही. पहिल्या कंपनीने क्षाराचा टक्का छापला आणि दुसरीने कॅल्शियमचा, इतकेच. म्हणून दोन बाटल्यांची तुलना करताना टक्क्याआधी लिहिलेले पदार्थाचे नाव पूर्ण वाचा. लेबलावर ‘इतक्या कॅल्शियमच्या समतुल्य’ अशी ओळ असेल तर आमच्या अंदाजापेक्षा तीच धरा, कारण वेगवेगळ्या उत्पादनांत क्षाराची घडण थोडी वेगळी असते.

अशा बाटलीत बऱ्याचदा मॅग्नेशियम आणि डेक्स्ट्रोजही असते. प्रत्येकाचा टक्का वेगळा दिलेला असतो आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळा करायचा. डेक्स्ट्रोज २० टक्के असेल तर ४.५ × २० = ९० ग्रॅम. हे टक्के एकमेकांत मिळवून शंभर होत नाहीत आणि व्हायचे कारणही नाही. उरलेली जागा पाण्याची आहे.

ग्रॅम कळले, त्याचा उपयोग काय

शिरेतून द्यायच्या कॅल्शियमचे प्रमाण पशुवैद्यकात साधारण दर ४५ किलो वजनाला १ ग्रॅम असे धरतात. गाय ४०० किलोची असेल तर ४०० ÷ ४५, म्हणजे जवळजवळ ९ ग्रॅम. एक बाटली त्या गरजेच्या अगदी जवळ जाते. म्हैस ५०० किलोची असेल तर गरज ११ ग्रॅमच्या पुढे जाते आणि एक बाटली कमी पडू शकते. शेजाऱ्याच्या गाईला एकाच बाटलीत उभे केले आणि आपल्या म्हशीला डॉक्टरांनी आणखी द्यायला सांगितले, यात उगाच खर्च वाढवण्याचा हेतू शोधू नये. हा गुणाकार करून पाहावा. वाढीव कॅल्शियम कधी कधी कातडीखाली देतात, पण डेक्स्ट्रोज असलेली बाटली त्यासाठी वापरत नाहीत, कारण त्या जागेला इजा होते. बाटलीत काय काय आहे हे पाहण्याचे हेही एक कारण.

हेच ग्रॅम धोकाही दाखवतात. चिकात लिटरमागे साधारण २.३ ग्रॅम कॅल्शियम असते. दहा लिटर चीक काढला की २३ ग्रॅम कॅल्शियम अंगाबाहेर गेले. गाईच्या रक्तद्रवात मात्र एका वेळी जेमतेम अडीच-तीन ग्रॅमच फिरत असते, हाडांतून आणि चाऱ्यातून भर पडायला उशीर झाला की गाय बसते. आता उलट बाजू पाहा. रक्तद्रवात तीन ग्रॅमही नाहीत तिथे बाटलीतून आठ ग्रॅमपेक्षा जास्त थेट शिरेत जाणार आहे. ते भर्रकन गेले तर हृदयाची लय बिघडते आणि गाय जागीच दगावू शकते. म्हणून डॉक्टर बाटली दहा ते वीस मिनिटे घेऊन सोडतात आणि मध्ये मध्ये ठोके ऐकतात. १५ मिनिटांत ४५० मिली म्हणजे मिनिटाला ३० मिली, म्हणजेच मिनिटाला अर्ध्या ग्रॅमहून किंचित जास्त कॅल्शियम. बाटली उंच धरून “लवकर संपवा की” अशी घाई कुणी करू नये, आणि हिशोब जमला म्हणून शिरेतली बाटली स्वतः लावू नये. ते काम पशुवैद्यकाचेच आहे.

हाच हिशोब माणसांच्या बाटलीला

मिरजेच्या दवाखान्यात आपल्या माणसाला सलाईन चढते, तेव्हाही हीच रीत वापरा. सोडियम क्लोराईड ०.९ टक्के, ५०० मिली: ५ × ०.९ = ४.५ ग्रॅम मीठ. प्रौढ माणसाने दिवसाला मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे एका बाटलीत जवळपास तेवढे मीठ आले. डेक्स्ट्रोज ५ टक्के, ५०० मिली: ५ × ५ = २५ ग्रॅम साखर. त्यामुळे कोणती बाटली लावली आहे हे बाटली पाहून कळत नाही, लेबल वाचूनच कळते. माणूस मधुमेहाचा किंवा हृदयविकाराचा असेल तर बाटलीचे नाव आणि टक्का नर्सताईंना विचारायला संकोच करू नका. डॉक्टरांनी विचार करूनच ती लावलेली असते, पण घरच्यांनी आजाराची माहिती पुन्हा सांगितली तर त्यांनाही मदत होते.

बाटली अर्धीच गेली तर

गाय मध्येच अस्वस्थ झाली किंवा ठोके बिघडले म्हणून डॉक्टर बाटली थांबवतात. अशा वेळी ‘अर्धी दिली’ एवढे लक्षात ठेवून भागत नाही. बाटलीवरच्या खुणेवरून किती मिली गेले ते पाहा आणि त्याच मिलीने गुणा. २२५ मिली गेले असतील तर २.२५ × १.८६ = सुमारे ४.२ ग्रॅम कॅल्शियम.

हे ग्रॅम, वेळ आणि बाटलीवरचे पदार्थाचे नाव गोठ्यातल्या वहीत लिहा, रिकामी बाटलीही दोन दिवस टाकू नका. उभ्या राहिलेल्या गाईंपैकी साधारण चारातली एक २४ ते ४८ तासांत पुन्हा बसते. तेव्हा रात्री दुसरेच डॉक्टर आले, तर त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो की आधी किती कॅल्शियम गेले आहे.