स्क्रू-डाउन क्राऊन नीट कसा बंद करायचा (आणि घड्याळात पाणी कसं जाऊ द्यायचं नाही)

डायव्हर घड्याळ घेतलं, मागे 200 मीटर लिहिलंय, म्हणून बिनधास्त पोहायला गेलात आणि काचेच्या आतून धुकं आलं, तर बहुतेक वेळा घड्याळात खोट नसते, क्राऊन, म्हणजे वेळ लावायची ती बाजूची आट्यांची चावी, बंद करताना आपणच घोळ घातलेला असतो. इंटरनेटवर सगळीकडे एकच सल्ला: "घट्ट आवळा". याच सल्ल्यापायी मी एक घड्याळ घालवलंय.

आधी घड्याळ हातातून काढा. मनगटावर असताना क्राऊन फिरवला तर बोट तिरकं लागतं आणि आतल्या दांडीवर आडवा जोर येतो. हात कोरडे हवेत, घड्याळही पुसून कोरडं हवं.

काच वर आणि क्राऊन उजव्या हाताला धरा. क्राऊनची वरची बाजू 6 च्या दिशेला फिरली की तो उघडतो, 12 च्या दिशेला फिरली की बंद होतो. उघडताना किती फेरे लागले ते एकदा मोजून ठेवा, पुढे उपयोगी पडतं. आटे सुटले की क्राऊन आतल्या स्प्रिंगने जरासा बाहेर उडी मारतो, घाबरू नका, तसंच असतं. तारीख-वेळ लावा (रात्री 9 ते 3 च्या मधे तारीख झटपट बदलू नका, गिअर दुखावतात) आणि क्राऊन पूर्ण आत ढकला.

आता खरी गंमत. आटे पकडायची वेळ.

मी काय करायचो, क्राऊन दाबायचो आणि थेट बंदच्या दिशेला फिरवायला लागायचो. दहातल्या नऊ वेळा बसायचा. दहाव्या वेळी आटा तिरका बसला, एक फेरा झाला आणि कडक लागायला लागला, मला वाटलं झालं, छान घट्ट झालंय, वर अजून थोडा जोर लावला. उघडताना मोजले असते तर साडेतीन फेरे लागायला हवे होते हे कळलं असतं. दोन दिवसांनी तारकर्लीला समुद्रात उतरलो, संध्याकाळपर्यंत काचेखाली थेंब. घड्याळवाल्याने भिंग लावून दाखवलं तेव्हा ज्या नळीवर क्राऊन बसतो तिचे आटे चक्क खरवडले होते. काही घड्याळांत ही नळी बदलता येते, काहींत ती केसचाच, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या डबीचाच भाग असते, मग खर्च बघून आपण गप्प बसतो.

तर करायचं असं. क्राऊन आत दाबून धरा, अंगठा आणि तर्जनीने सरळ, केसच्या काटकोनात. आणि आधी उलटा, म्हणजे उघडायच्या दिशेला, हळूच फिरवा. बरणीचं झाकण लावताना आई करते ना, अगदी तस्सं. फेऱ्यात एका जागी बोटाला बारीकसा "टक" जाणवेल, क्राऊन केसाएवढा आत बसल्यासारखा होईल. तिथे आट्याचं तोंड आट्याला मिळालेलं असतं. तिथेच थांबा आणि दाब न सोडता बंदच्या दिशेला फिरवा. पहिला अर्धा फेरा लोण्यासारखा गेला पाहिजे. जरा जरी खरखर किंवा अडकल्यासारखं वाटलं तर लगेच उलटा फिरवून पूर्ण सोडा आणि पुन्हा पहिल्यापासून. इथे "होईल थोडं पुढे" असं अजिबात नको, मी तेच केलं होतं.

किती आवळायचं? बोटाने थांबेपर्यंत, बस. पाणी अडवतात ते आतले रबरी वायसर, आटे फक्त क्राऊनला जागेवर धरतात आणि बऱ्याच घड्याळांत वायसर दाबून ठेवतात. जास्त आवळलं तर तोच वायसर चेपून सपाट होतो आणि पुढे गळायला लागतो. पकड-बिकड तर जवळही आणू नका.

बंद झाल्यावर नखाने चाचपून बघा, क्राऊन आणि केसच्या मधे फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला जास्त दिसली तर तिरका बसलाय. फेरेही जुळले पाहिजेत, दोन-चार दशांश इकडेतिकडे चालतात.

पाण्यात असताना किंवा ओल्या हाताने क्राऊन उघडू नका, वेळ चुकली असेल तर चुकू दे. आणि वायसर वय झालं की कडक होतात, मग क्राऊन कितीही नीट लावा उपयोग नाही, म्हणून दर पावसाळ्याआधी मी प्रेशर टेस्ट करून घेतो. धुकं आधीच आलं असेल तर तांदळाच्या डब्यात ठेवायचा नाद सोडा, खाऱ्या पाण्याने आतलं यंत्र गंजतं, त्याच दिवशी घड्याळवाल्याकडे न्या.